‘वाचनसंस्कृती रुजवू’ म्हणजे नेमकं काय करू?

‘वाचनसंस्कृती रुजवणे’ हे ध्येय कित्येक सार्वजनिक ग्रंथालयं सांगतात. ते मनापासून लिहिलेलं असतं, पण वर्षअखेरीस ते पाळलं गेलं का, हे कुणालाच सांगता येत नाही. समजा, एका गावातल्या ग्रंथालयाचे २४० सभासद आहेत आणि ग्रंथपाल एकच आहे. या ग्रंथालयाने काय करावं?

गैरसमज : ध्येय बदलायचं तर संस्थेची घटना बदलावी लागेल.
वस्तुस्थिती : घटनेतला उद्देश व्यापकच असतो आणि तो तसाच राहू द्यावा. त्याखाली या वर्षी काय करणार, हे कार्यकारिणीच्या ठरावाने ठरवता येतं. ठरावातल्या वाक्याची परीक्षा सोपी आहे. संस्थेचं नाव झाकून तिथे शेजारच्या गावच्या ग्रंथालयाचं नाव घातलं, तरी वाक्य जसंच्या तसं चालत असेल तर ते अजून घोषणाच आहे.

गैरसमज : वाचनाची गोडी मोजता येत नाही, म्हणून वचनही देता येत नाही.
वस्तुस्थिती : गोडी लागणं वाचकाच्या हातात आहे, तर संस्थेच्या हातात आहे तिची स्वतःची कृती. वचन त्या कृतीचं द्यावं. आधी देवघेव नोंदवही उघडावी. समजा, गेल्या तीन महिन्यांत ९० जणांनीच पुस्तक नेलं, म्हणजे १५० सभासद फिरकलेच नाहीत. मग ठराव असा होतो : ‘तीन महिन्यांत एकही पुस्तक न नेलेल्या प्रत्येक सभासदाला ग्रंथपाल पुढच्या महिनाभरात फोन करतील आणि न येण्याचं कारण नोंदवहीत लिहितील.’ काम कुणाचं, कुणासाठी, कधीपर्यंत आणि पुरावा कुठे, हे सगळं त्यात आलं. रोज दहा फोन केले तर १५ दिवसांत ते उरकतं, म्हणजे एका माणसाला झेपण्यासारखंही आहे. बहुतेकांनी ‘कामावरून येईपर्यंत ग्रंथालय बंद होतं’ असं सांगितलं, तर पुढचा ठराव वेळेचा करावा.

गैरसमज : आकडा घातला की वचन पक्कं झालं.
वस्तुस्थिती : ‘९० चे १५० वाचक करू’ एवढंच ठरवलं, तर एकाच घरात जाणारी चार पुस्तकं चार कार्डांवर चढवूनही आकडा गाठता येतो. म्हणून वार्षिक सभेआधी कार्यकारिणीबाहेरच्या एका सभासदाने नोंदवहीतली दहा नावं चिठ्ठ्या टाकून निवडावीत आणि पुस्तक खरंच नेलं होतं का, हे त्यांना प्रत्यक्ष विचारावं.

गैरसमज : वचन पाळता आलं नाही, तर संस्थेची नाचक्की होते.
वस्तुस्थिती : सभेच्या अहवालात ‘१५० पैकी ११० फोन झाले, ४० क्रमांक बदललेले होते’ असं लिहिलं, तर सभासदांना पुढचं काम दिसतं : क्रमांक अद्ययावत करणं. ‘वाचनसंस्कृतीसाठी वर्षभर प्रयत्न केले’ या वाक्यावर मात्र सभेत कुणी प्रश्नच विचारू शकत नाही. म्हणून वर्षाला दोन-तीनच वचनं द्यावीत आणि प्रत्येकाचा हिशेब सभेपुढे ठेवावा.