एक ‘पी’ की दोन?

रन, सिट, स्टॉप, स्विम. नवशिक्या मुलांच्या इंग्रजी वर्कशीटमध्ये ‘आयएनजी’ लावायला हे शब्द एकाखाली एक दिलेले असतात आणि वर सूचना असते: शेवटचं अक्षर दोनदा लिहा. मूल भराभर सगळं बरोबर सोडवतं. मग वहीत लिहिताना तेच मूल ‘रेनिंग’मध्ये दोन एन घालतं आणि ‘हेल्पिंग’मध्ये दोन पी. दोष मुलाचा नाही. शब्दाकडे नीट बघायची गरजच त्या वर्कशीटने ठेवलेली नसते.

हे अक्षर दुप्पट का होतं, ते एका जोडीवरून कळतं. हॉप म्हणजे उडी मारणे, स्पेलिंग एच-ओ-पी. होप म्हणजे आशा करणे, एच-ओ-पी-ई. होपमधल्या शेवटच्या ईचा उच्चार होत नाही, पण तो आहे म्हणून मागचा ओ लांब उच्चारला जातो. आयएनजी लागलं की पीच्या पुढे आय हा स्वर येतो आणि ईचं काम तोच करतो. म्हणून ई गळतो आणि होपिंगमध्ये एकच पी राहतो. मेकचं मेकिंग होतं ते याच कारणाने. आता हॉपला नुसतं आयएनजी जोडलं, तर पुन्हा तीच अक्षरं येतील आणि वाचणारा ‘होपिंग’च वाचेल. ते टाळण्यासाठी दुसरा पी लिहायचा. ‘स्टॉप’ला ईडी लावतानाही पी दोनदा येतो तो यासाठीच.

आपल्याकडे मुलं हे दोन पी किंवा दोन एन बघून ‘रन्निंग’ म्हणतात, कारण पक्का, गच्ची, पट्टी यांत आपण व्यंजनावर खरोखर जोर देतो. इंग्रजीत तसा जोर नसतो. दुसरं अक्षर फक्त मागचा स्वर आखूड ठेवतं.

एका अवयवाच्या छोट्या शब्दांत पारख सोपी आहे: शेवटी एकच व्यंजन आणि त्याआधी एकच स्वर असेल, तरच दुप्पट. रेनमध्ये ए आणि आय असे दोन स्वर आहेत, हेल्पच्या शेवटी दोन व्यंजनं आहेत. दोन्हींत काही बदलत नाही. शेवटी डब्ल्यू, एक्स किंवा वाय असेल तरी दुप्पट होत नाही, जसं शोइंग, फिक्सिंग, प्लेइंग.

‘लाय’ची गोष्ट वेगळी. त्याच्या शेवटी आय-ई आहे. ई गाळला तर दोन आय शेजारी येतात, आणि इंग्रजी ते सहसा टाळते. म्हणून आय-ईच्या जागी वाय येऊन ‘लाइंग’ होतं. खोटं बोलणे या अर्थी ‘लाइड’ लिहिताना मात्र फक्त डी जोडायचा.

तेव्हा पालकांनो, शिक्षकांनो, वर्कशीट निवडताना रन, रेन, मेक, हेल्प आणि लाय एकाच पानावर मिसळून दिलेत का, ते आधी बघा. नसतील तर पाठच्या कोऱ्या बाजूवर स्वतः लिहून द्या, आणि प्रत्येक उत्तरापुढे ‘का?’ विचारा.