फळीवरच्या तारेत पंचम कुठे सापडतो?

शाळेच्या प्रकल्पात मुलं बहुधा खोक्यावर रबरबँड ताणतात. पण रबर ओढलं की लांबीबरोबर ताणही वाढतो, मग स्वर कशाने बदलला हे कळत नाही. त्यापेक्षा फळीवर पोलादी तार घ्यावी. तिचं एक टोक खिळ्याला बांधावं, दुसऱ्याला वजन टांगावं. ६० सेंटिमीटर तार २०० हर्ट्झला वाजत असेल, तर मधली घोडी सरकवून ४० सेंटिमीटरवर ३०० हर्ट्झ, म्हणजे पंचम मिळतो. ३० वर तार षड्ज. ट्यूनर ॲपवर स्वर चढाच दिसला, तर मधली घोडी उंच आहे. ती तार उचलते आणि कडेच्या घर्षणामुळे वाढलेला ताण वजनाने पुरता सैल होत नाही. घोडी तारेला जेमतेम टेकेल इतकीच ठेवावी.