वर्गमुळांचे सर्पिल आणि त्याच्या कोनांची बेरीज

वर्गमुळांचे सर्पिल काढण्याची सुरुवात दोन्ही भुजा १ एकक असलेल्या काटकोन त्रिकोणापासून होते. पायथागोरसच्या प्रमेयानुसार त्याचा कर्ण √२ असतो. या कर्णाच्या बाहेरच्या टोकाशी काटकोन करून पुन्हा १ एकक लांबीचा रेषाखंड काढला आणि त्याचे टोक केंद्राशी जोडले, की नवा कर्ण √३ मिळतो. त्यानंतर √४, √५ असे कर्ण क्रमाने येत जातात. बाहेरची भुजा प्रत्येक वेळी १ एककच राहते आणि सगळे त्रिकोण एकाच केंद्रबिंदूभोवती फिरत जातात.

ए-४ आकाराच्या कागदासाठी ३ सेंटिमीटरचे एकक सोयीचे पडते. कागद आडवा धरून केंद्र मध्यापासून थोडे डावीकडे आणि वर घ्यावे, म्हणजे शेवटचे लांब कर्ण कागदाबाहेर जात नाहीत. काटकोनासाठी गुण्या आणि १ एकक घेण्यासाठी कंपास वापरावा. कंपासचे अंतर शेवटपर्यंत बदलू नये. आकृती बरोबर येते आहे का, हे ती स्वतःच सांगते. तिसऱ्या, आठव्या आणि पंधराव्या त्रिकोणाचे कर्ण √४, √९ आणि √१६, म्हणजे मोजून ६, ९ आणि १२ सेंटिमीटर यायला हवेत. प्रत्येक काटकोन चुकून ९१ अंशांचा झाला, तर सोळाव्या त्रिकोणापर्यंत कर्ण सुमारे अर्धा सेंटिमीटर लांब होतो. एकेका त्रिकोणात न दिसणारी ही चूक साठत जाते, म्हणून ६ सेंटिमीटरची तपासणी वगळून पुढे जाणे महागात पडते.

आता केंद्रापाशी होणारे कोन पाहू. n-व्या त्रिकोणात केंद्रापासून निघणारी भुजा √n आणि समोरची भुजा १ असते, त्यामुळे त्या कोनाचा टॅन्जंट १/√n असतो. पहिला कोन ४५ अंशांचा, दुसरा सुमारे ३५.२६, तिसरा बरोबर ३० आणि चौथा सुमारे २६.५७ अंशांचा. चौथ्यापर्यंतची बेरीज १३६.८ अंश होते. दहाव्या त्रिकोणाशी ती २५९.३ वर आणि सोळाव्याशी ३५१.१५ अंशांवर येते. सतरावा कोन सुमारे १३.६३ अंशांचा आहे. तो मिळवला की बेरीज ३६४.८ होते. म्हणजे सतरावा त्रिकोण पहिल्यावर थोडा चढतो. √१७ पर्यंतची आकृती मात्र कुठेही एकमेकांवर न चढता पूर्ण होते.

प्लेटोच्या ‘थिईटेटस’ या संवादात सायरीनच्या थिओडोरसने ३, ५ पासून १७ पर्यंतच्या वर्गमुळांची अपरिमेयता दाखवल्याचा आणि १७ वर थांबल्याचा उल्लेख आहे. तो तिथेच का थांबला, याचे उत्तर कोणी या आकृतीत शोधले, पण हा निव्वळ तर्क आहे: संवादात सर्पिलाचा उल्लेखच नाही.

कोन लहान होत जातात, मग बेरीज कुठेतरी अडते का? अडत नाही, आणि हे शाळेतल्या गणिताने दाखवता येते. टॅन्जंट x असलेला कोन, x हा ० आणि १ यांच्या दरम्यान असताना, ४५x अंशांपेक्षा कधीच कमी नसतो. n-वा कोन त्यामुळे निदान ४५/√n अंशांचा असतो. त्याच्या आधीचा प्रत्येक कोन त्याहून मोठा आहे, म्हणून n कोनांची बेरीज निदान n × ४५/√n, म्हणजे ४५√n अंश होते. ही संख्या n सोबत हवी तेवढी वाढवता येते. सर्पिल असंख्य फेरे घेणार, हे इथेच सिद्ध झाले.

प्रत्यक्ष बेरीज या खालच्या मर्यादेपेक्षा बरीच मोठी असते. रेडियनमध्ये ती शेवटच्या कर्णाच्या दुपटीतून सुमारे २.१५८ वजा केल्याइतकी येते. सोळाव्या त्रिकोणासाठी हा अंदाज ८.२४६ − २.१५८ = ६.०८८ रेडियन, म्हणजे ३४८.८ अंश, खऱ्या उत्तरापेक्षा साधारण सव्वादोन अंश कमी. त्रिकोण वाढतात तशी ही तफावत घटत जाते.

यातूनच फेऱ्यांमधले अंतर कळते. एका पूर्ण फेऱ्यात कोन २π ने वाढतो, तर कर्ण त्याच्या निम्म्याने, म्हणजे सुमारे π ने. सर्पिलाच्या लागोपाठच्या वळशांमधले अंतर म्हणून π एककांच्या जवळ जात राहते. ३ सेंटिमीटरच्या आकृतीत ते सुमारे ९.४ सेंटिमीटर भरते. दुसरा फेरा ५४ व्या त्रिकोणात, तिसरा ११० व्या आणि चौथा १८६ व्या त्रिकोणात पूर्ण होतो. फेरे कितीही झाले तरी कोणतेही दोन कर्ण केंद्रातून निघणाऱ्या एकाच किरणावर येत नाहीत, हे एरिक टॉयफेल यांनी १९५८ मध्ये सिद्ध केले.