पांढरे चॉकलेट: नावापुरते की खरे?

कोकोची बी भाजून, टरफल काढून वाटली की दाट तपकिरी लगदा होतो. त्यातला निम्म्याहून थोडा अधिक भाग स्निग्धांशाचा, म्हणजेच कोको बटरचा असतो. १८२८ मध्ये नेदरलंड्समधल्या व्हान हौटेन कारखान्याने हा लगदा दाबून स्निग्धांश पिळून काढण्याच्या पद्धतीचे पेटंट घेतले. दाबयंत्रात उरते ती पेंड; तिची पूड म्हणजे कोको पावडर. रंग, कडवटपणा आणि थिओब्रोमिन हे तरतरी आणणारे द्रव्य जवळजवळ सगळे या पेंडीतच राहते. बाहेर येते ते फिकट पिवळे कोको बटर.

पांढऱ्या चॉकलेटमध्ये पेंडीचा अंशही नसतो. कोको बटर, साखर, दुधाची भुकटी आणि बहुधा व्हॅनिला, एवढेच. त्यामुळे ‘हे चॉकलेटच नव्हे’ हा आक्षेप चवीपुरता रास्त आहे. कायदा मात्र वेगळे मोजतो. युरोपीय संघाच्या नियमानुसार १०० ग्रॅमच्या वडीत निदान २० ग्रॅम कोको बटर आणि १४ ग्रॅम दुधाचे घनपदार्थ हवेत. अमेरिकेत २००४ पासून हेच किमान प्रमाण लागू आहे. शिवाय तिथे साखर ५५ ग्रॅमच्या वर चालत नाही.

कोको बटरलाच एवढे महत्त्व का? बहुतेक चरबी हळूहळू मऊ होत जाते. कोको बटर खोलीत कडक राहते आणि ३४ अंशांच्या आसपास झटकन वितळते. तोंडातले तापमान त्याहून थोडेच जास्त, म्हणून वडी कट्‌कन मोडते आणि जिभेवर विरघळते. काळ्या चॉकलेटचा हा गुण कोको बटरचाच आहे आणि पांढऱ्यात तो पुरेपूर उतरतो. अट एकच: वितळवलेले चॉकलेट ठरावीक तापमानांतून नेऊन थंड करावे लागते, म्हणजे कोको बटरचे योग्य स्फटिक बनतात. ते बिनसले तर वडी मऊ पडते आणि पृष्ठभागाची चकाकी जाते.

युरोपात कोको बटरच्या किमान प्रमाणाला धक्का न लावता ५ टक्क्यांपर्यंत दुसरी वनस्पतिजन्य चरबी चालते. अशा सहा चरबींच्या यादीत कोकमाचे तेलही आहे. कोकणात टाचांच्या भेगांना चोळतात तेच हे भिरंडेल! तेही खोलीत घट्टच असते. कोको बटरशी मिसळते आणि चॉकलेटला थोडा कडकपणा देते.

खरी फसगत होते ती ‘कंपाउंड’च्या लादीत. तिच्यात कोको बटरऐवजी पाम किंवा पाम-गरापासून केलेली चरबी असते. स्फटिकांची कटकट नसल्याने केकवाल्यांना ती सोयीची पडते, स्वस्तही असते. पण बऱ्याचदा टाळूला मेणासारखी चिकटते. ओळखायचे तर वेष्टनावरची घटकांची यादी पाहावी. ती वजनाच्या उतरत्या क्रमाने असते. साखर पहिली असली तरी हरकत नाही. मात्र कोको बटरच्या जागी वनस्पती चरबी असेल तर ती लादी पांढरी आहे, चॉकलेट नव्हे. रंगानेही थोडा अंदाज येतो: कोको बटरचे चॉकलेट हस्तिदंती दिसते, तर कंपाउंड बहुधा जास्त पांढरेशुभ्र.