धुऱ्यावरचे भांडण : खून की सदोष मनुष्यवध?

परीक्षेतील प्रश्न असा : गोंदिया जिल्ह्यात धानाच्या पाण्यावरून दोन शेतकरी अकस्मात भांडतात. दोघांच्याही हाती फावडे असते. ‘अ’चा एकच घाव ‘ब’च्या डोक्यात बसतो आणि ‘ब’ दगावतो.

घाव प्राणघातक असल्याने कृत्य प्रथमदर्शनी खूनच ठरते. त्यानंतर भारतीय न्याय संहितेच्या कलम १०१ मधील पाच अपवाद तपासावे लागतात. केवळ शिवीगाळ हे सहसा गंभीर प्रक्षोभन ठरत नाही. दोघेही चाल करून गेल्याने स्वसंरक्षण टिकत नाही. लोकसेवक आणि संमती यांचा येथे संबंध नाही. उरतो आकस्मिक भांडणाचा चौथा अपवाद. पूर्वयोजना, गैरफायदा वा क्रौर्य नसल्याने तो लागू होतो. म्हणून शिक्षा कलम १०५ खाली.

मात्र ‘अ’ घरी जाऊन कुऱ्हाड घेऊन परतला असता, तर तो खून ठरला असता. नानावटी खटल्यातही १९६१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने राग शमण्यास वेळ मिळाल्याचे सांगून प्रक्षोभनाचा बचाव फेटाळला होता.