बेड नंबर नऊचे काका का ओरडतायत?

टेबलापलीकडे तिघं बसलेली असतात. मधे मेट्रन, एका बाजूला एखादे डॉक्टर आणि दुसऱ्या बाजूला फाइल उघडून बसलेला एचआरचा माणूस. समोरची मुलगी नुकतीच जीएनएम किंवा बीएस्सी नर्सिंग झालेली. तिच्या हातातल्या पारदर्शक फोल्डरमध्ये महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलचं नोंदणीपत्र सगळ्यात वर ठेवलेलं असतं. नाव, गाव, कॉलेज विचारून झालं की प्रश्न येतो, ‘तुमची कमकुवत बाजू कोणती?’ आणि उत्तर येतं, ‘मॅडम, मला प्रत्येक काम परफेक्ट लागतं, हीच माझी कमजोरी.’

मेट्रनबाईंनी हे उत्तर त्या दिवशी कितव्यांदा ऐकलं असेल, कोण जाणे. त्यांचं पेन हलत नाही. घोकून आणलेल्या उत्तराची गंमत अशी, की त्यावर ‘म्हणजे कसं?’ एवढं विचारलं तरी ते जागच्या जागी संपतं.

नव्या सिस्टरकडे अनुभव नसतो, हे पॅनेलला ठाऊकच असतं. त्यांना पाहायचं असतं ते वेगळंच. हिचं पेशंटकडे लक्ष असतं का? आणि आपल्याला काय जमत नाही हे हिला वेळेवर कळतं का? जमेची बाजू, कमकुवत बाजू आणि चिडलेला पेशंट या तिन्ही प्रश्नांतून तेच चाचपून पाहिलं जातं.

जमेच्या बाजूचंच घ्या. ‘मी प्रामाणिक, मेहनती आणि दयाळू आहे’ या वाक्यात लिहून घेण्यासारखं काही नाही. त्याऐवजी एखादी मुलगी असं सांगते: ‘तिसऱ्या वर्षाला मेडिकल वॉर्डात पोस्टिंग होतं. एकाच आडनावाचे दोन पेशंट शेजारच्या बेडवर होते. संध्याकाळच्या राऊंडला इंजेक्शन द्यायच्या आधी मी पेशंटला पूर्ण नाव सांगायला लावलं आणि ते केसपेपरशी जुळवलं. तेव्हा लक्षात आलं, की ट्रेमधलं इंजेक्शन शेजारच्यांचं आहे. मी तिथेच थांबले आणि स्टाफ सिस्टरना बोलावलं.’ हे सांगायला मिनिटभरसुद्धा लागत नाही, पण पेन चालू लागतं.

यातली खरी गोष्ट बाहेरच्या माणसाच्या लक्षात येत नाही. ‘तुम्ही अमुकच ना?’ असं विचारलं, तर गुंगीतला किंवा कानानं कमी ऐकणारा माणूस मान डोलावतो. ‘तुमचं पूर्ण नाव सांगा’ म्हटलं की त्याला बोलावंच लागतं. हा फरक पुस्तकातही असतो, पण खरा कळतो तो वॉर्डातच. तिनं हा प्रसंग सांगताना पेशंटचं आडनाव उच्चारलं नाही, हेही टेबलापलीकडे टिपलं जातं. पेशंटची ओळख मुलाखतीत सहज सांगून टाकणारी मुलगी ती उद्या लिफ्टमध्येही सांगेल.

कमकुवत बाजू सांगणं जास्त अवघड. खोटी सांगितली तर कळतं आणि भलतीच खरी सांगितली तर नोकरी जाते. ‘घाईत माझ्याकडून औषधाचा डोस चुकतो’ असं म्हणणाऱ्या मुलीला वॉर्ड सोपवायला कुणी धजणार नाही. नव्या माणसाला शोभेल अशी, खरी आणि जिच्यावर उपाय सुरू केलाय अशी उणीव हवी. पहिल्या वर्षाच्या बहुतेक सिस्टरमध्ये ती असतेच: रात्री डॉक्टरांना फोन करताना जीभ अडखळते.

दोन वाजता झोपेतून उठवलेले डॉक्टर ‘हं, बोला’ म्हणतात. सिस्टर ‘सर, पेशंट जरा बरा वाटत नाहीये’ एवढंच बोलते. मग ते बीपी विचारतात, आणि ही फोन धरून केसपेपर शोधायला लागते. यावर एसबीएआर नावाची एक साधी पद्धत आहे. ती मुळात अमेरिकी नौदलाच्या अणुपाणबुड्यांवरची. पुढे कैसर पर्मनन्टे या अमेरिकी आरोग्यसंस्थेनं ती दवाखान्यात आणली. आत्ता काय झालंय, पेशंटची पार्श्वभूमी काय, मला काय दिसतंय आणि तुम्ही काय करावं असं मला वाटतं, अशा चार गोष्टी याच क्रमानं सांगायच्या.

उमेदवारानं हे एवढं समजावत बसायची गरज नाही. आपण काय करतो तेवढं सांगावं: ‘फोन करायच्या आधी मी कागदावर चार ओळी लिहून घेते. उदाहरणार्थ, सर, मेल सर्जिकलमधून सिस्टर बोलतेय, बेड बाराच्या पेशंटला ताप वाढलाय. काल अपेंडिक्सचं ऑपरेशन झालंय. ताप १०२, नाडी ११८, बीपी ९० वर ६०, पोट कडक लागतंय. आपण लगेच येऊन पाहावं असं वाटतं.’ शेवटच्या वाक्याला नव्या मुली हमखास अडतात. डॉक्टरांना ‘या’ म्हणणं त्यांना आगाऊपणा वाटतो. तो नाही, हे ज्या मुलीला उमगलंय तिची उणीव अर्धी कमी झालेली असते.

पुढचा प्रश्न ठरलेला: ‘डॉक्टरांनी फोन उचललाच नाही तर?’ मग पुन्हा लावायचा, तरी नाही तर ड्युटीवरच्या दुसऱ्या डॉक्टरांना आणि रात्रीच्या सुपरवायझरना कळवायचं आणि प्रत्येक फोनची वेळ नोंदीत लिहायची. तोवर पेशंटजवळून हलायचं नाही.

आता मोठा प्रश्न. ‘पेशंट प्रचंड चिडलाय, ओरडतोय. काय कराल?’ जवळजवळ प्रत्येक जण म्हणते, ‘मी शांत राहीन आणि त्यांना समजावून सांगीन.’ इथे अनुभवी मेट्रन मान तिरकी करून विचारतात, ‘काय समजावून सांगाल?’

समजा, बेड नऊवर अठ्ठावन्न वर्षांचे मधुमेहाचे पेशंट आहेत. सकाळी पोटाची सोनोग्राफी म्हणून त्यांना रात्रीपासून उपाशी ठेवलंय. नऊची वेळ होती, आता बारा वाजून गेलेत. काका उठून बसलेत, सलाईनचा स्टँड ढकलतायत आणि साऱ्या वॉर्डाला ऐकू जाईल अशा आवाजात सगळ्यांचा उद्धार करतायत. (‘काका’ हे संबोधन इथे बिनधोक. ‘मामा’ आणि ‘मावशी’ मात्र जपून वापरावं. आपल्याकडे वॉर्डात या हाका वॉर्डबॉय आणि आयाबाईंना मारतात, त्यामुळे नको तो माणूस धावत येतो.)

चांगलं उत्तर सुरू होतं ते सिस्टर कुठे उभी राहते इथून. हातभरापेक्षा थोडं लांब, थोडं तिरकं, दाराकडची वाट दोघांनाही मोकळी राहील असं. कात्री आणि सुया असलेला ट्रे त्यांच्या हाताशी ठेवायचा नाही. दुसऱ्या सिस्टरला नजरेनं जवळ बोलवायचं. ‘शांत व्हा’ म्हणायचं नाही, कारण त्या दोन शब्दांनी आजवर फारसं कुणी शांत झालेलं नाही. ‘काका, काय झालं ते मला सांगा’ म्हणायचं आणि ते बोलत असताना त्यांच्याकडे नीट बघायचं.

सगळी मेख या बघण्यात आहे. कपाळावर घाम आहे का? हात थरथरतोय का? बोलणं असंबद्ध होतंय का? सकाळी सवयीनं मधुमेहाची गोळी घेतली आणि पोटात मात्र काही नाही, असं झालं असेल, तर हा राग नसून उतरलेली साखर असू शकते. म्हणून लगेच ग्लुकोमीटर लावायचा. समजा आकडा आला ५४. सत्तरच्या खाली साखर उतरलेली धरतात. काका शुद्धीवर असतील आणि नीट गिळू शकत असतील, तर साधारण १५ ग्रॅम ग्लुकोज, म्हणजे तीन लहान चमचे, पाण्यातून द्यायचं, डॉक्टरांना कळवायचं आणि १५ मिनिटांनी पुन्हा साखर तपासायची. गुंगीत असतील तर तोंडानं थेंबही द्यायचा नाही. डॉक्टरांना तातडीनं बोलवायचं आणि शिरेतून डेक्स्ट्रोज द्यायची तयारी करायची. सोनोग्राफी मागाहून होईल.

रागाचा मुखवटा घालून येणारे आजार आणखीही आहेत. ऑपरेशननंतर लघवी तुंबली, रक्तातला ऑक्सिजन कमी झाला, की माणूस अंगावर धावून येतो. रोज दारू पिणारा पेशंट भरती झाल्यावर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी अचानक बिथरतो, तो दारू तुटल्यामुळे. कालपर्यंत गोड बोलणारी आजी रात्री सिस्टरला चोर म्हणते, तेव्हाही तिच्यात काही बिघडलंय का हे आधी पाहावं लागतं. उमेदवारानं यातलं एक जरी नीट सांगितलं तरी टेबलापलीकडची माणसं सरसावून बसतात.

आणि साखर १३० निघाली तर? मग काका खरोखरच चिडलेत, आणि त्यांचं बरोबरही आहे. तीन तास उपाशी थांबवलं आणि कुणी येऊन चकार शब्द सांगितला नाही. अशा वेळी ‘सोनोग्राफीवाले नेहमी असंच करतात’ हे वाक्य जिभेवर येतं. ते गिळायचं, नाहीतर पेशंटच्या मनात सगळं हॉस्पिटलच बिघडतं. ‘तुम्हाला फार वेळ थांबावं लागलं आणि आम्ही काही कळवलं नाही, हे चुकलं. मी आत्ता फोन करून विचारते आणि दहा मिनिटांत येऊन सांगते.’ आणि दहा मिनिटांनी जायचंच, सांगायला काही नसलं तरी. वेळ देऊन न फिरकलेली सिस्टर काकांच्या लेखी न आलेल्या सोनोग्राफीपेक्षा मोठी गुन्हेगार ठरते.

हात उगारला, तर मात्र समजूत घालणं थांबवायचं. मागे सरायचं, बाकीच्या पेशंटना बाजूला करायचं, सिक्युरिटी आणि इन्चार्ज सिस्टरना बोलवायचं. डॉक्टर आणि नर्स यांच्यावरच्या हिंसेविरुद्ध महाराष्ट्रात २०१० पासून स्वतंत्र कायदा आहे. त्यात तीन वर्षांपर्यंत कैद आणि ५० हजारांपर्यंत दंडाची तरतूद असून गुन्हा अजामीनपात्र आहे. हे माहीत असावं, पण उत्तराची सुरुवात पोलिसांपासून करणारी मुलगी पॅनेलला धास्तावते.

शेवटी उरतं ते लिहिणं, आणि नव्या मुली नेमकं तेच सांगायचं विसरतात. ‘पेशंट उद्धट वागला’ ही नोंद नव्हे, तो शेरा झाला. ‘१२.१० वा. पेशंट मोठ्या आवाजात म्हणाले, मला कुणी विचारत नाही. साखर तपासली, ५४. ग्लुकोज दिलं, डॉक्टरांना कळवलं. १२.२५ वा. पुन्हा तपासली, ९२. पेशंट शांत, सोनोग्राफीची नवी वेळ सांगितली.’ ही झाली नोंद. मुलाखतीत हे एक वाक्य जोडायला दहा सेकंदं पुरतात.

फाइल मिटता मिटता एचआरचा माणूस विचारतो, ‘तुम्हाला काही विचारायचंय?’ पगार आणि होस्टेल सगळेच विचारतात, आणि विचारावंच. एखादी मात्र म्हणते, ‘मॅडम, नवीन सिस्टरला नाइटला एकटीला कधीपासून ठेवता? आणि तोवर बरोबर कोण असतं?’ या प्रश्नाचं उत्तर मेट्रनबाईंना स्वतः द्यावं लागतं, आणि काही हॉस्पिटलांत ते देताना त्या जरा चाचरतात.