रात्रपाळी बंद होतेय, हे बोलून कळवायचं की लिहून?

समजा, नाशिकच्या अंबड औद्योगिक वसाहतीतला एक छोटा कारखाना आहे. ऑर्डरी घटल्यामुळे एक तारखेपासून रात्रपाळी बंद करायचं ठरलंय आणि बारा ऑपरेटरांना ते सांगायचं काम सुपरवायझरच्या गळ्यात पडलंय. लिहिलं तर कोरडं वाटेल, अशी त्याला धास्ती. शिवाय टाइप करायचा कंटाळा आहेच. तो व्हॉट्सॲपवरच्या माइकवर बोट ठेवतो आणि ग्रुपवर पावणेतीन मिनिटं बोलतो. सुरुवात होते ती ‘मित्रांनो, सध्या मार्केटची परिस्थिती तुम्हाला माहीतच आहे’ इथून. मुद्दा येतो दुसऱ्या मिनिटाला.

एकजण तो निरोप बसमध्ये ऐकतो. हेडफोन नसल्यामुळे स्पीकरवर लावतो, म्हणजे शेजारच्यांनाही त्याच्या पोटापाण्याची बातमी मिळते. दुसरा दुप्पट वेगाने ऐकतो. तिसरा चालू मशिनजवळ फोन कानाला लावतो आणि त्याला अर्धंच कळतं. या महिन्याचा रात्रपाळी भत्ता पूर्ण मिळणार, हे सगळ्यांत दिलासा देणारं वाक्य अगदी शेवटी होतं. तिथपर्यंत किती जण पोचले, देव जाणे. संध्याकाळी चहाच्या टपरीवर ‘कंपनी बंद पडतेय’ इथपर्यंत गोष्ट गेलेली असते.

सुपरवायझरची धास्ती मात्र अगदीच खोटी नव्हती. जस्टिन क्रूगर, निकोलस एप्ली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2005 साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत एकाने उपरोधाची आणि गंभीर अशी दोन्ही प्रकारची वाक्यं पाठवायची आणि दुसऱ्याने त्यामागचा सूर ओळखायचा, असा खेळ होता. आवाजातून तो सूर बऱ्यापैकी पोचला, ई-मेलमधून फारच कमी. गंमत म्हणजे लिहिणाऱ्यांना आपला सूर नक्की कळेल अशी खात्री होती. स्वतःचं वाक्य वाचताना लिहिणाऱ्याला मनात स्वतःचाच आवाज ऐकू येतो. वाचणाऱ्याकडे तो नसतो.

पण आवाज असला की माया आपोआप येते, असंही नाही. मार्च 2022 मध्ये पी अँड ओ फेरीज या ब्रिटिश जहाज कंपनीने सुमारे 800 कर्मचाऱ्यांना काढल्याचं आधी चित्रित केलेल्या व्हिडिओतून सांगितलं. तिथे आवाज होता, चेहराही होता. नव्हती ती प्रश्न विचारायची सोय. ब्रिटनभर संताप उसळला. रेकॉर्ड केलेल्या आवाजाची हीच अडचण आहे: तो समोरच्याला गप्प बसवून बोलतो.

म्हणून या कामाचे दोन भाग करणं बरं. धक्का बसणार आहे तिथे समोरासमोर किंवा फोनवर बोलायचं, म्हणजे ‘मग माझं काय?’ हे तिथल्या तिथे विचारता येतं. बारा जणांना बारा फोन करायला तास-दीड तास जाईल, तो द्यावाच लागतो. त्यानंतर लगेच तपशील लेखी पाठवायचा. साधारण असा:

‘1 तारखेपासून रात्रपाळी बंद होत आहे. कोणालाही कामावरून काढलेलं नाही. सगळ्यांना पहिल्या किंवा दुसऱ्या पाळीत घेतलं जाईल, यादी शुक्रवारी फलकावर लागेल. या महिन्याचा रात्रपाळी भत्ता पूर्ण मिळेल, पुढच्या महिन्यापासून मिळणार नाही. अडचण असेल त्याने उद्या 4 ते 6 मध्ये मला ऑफिसात भेटावं.’

यातलं वाईट वाक्यही लपवलेलं नाही. तारीख आणि पैसा डोळ्यांसमोर राहतो, घरी बायकोला दाखवता येतो. चूक झालीच, तर व्हॉट्सॲपवर लिहिलेला मजकूर पंधरा मिनिटांत दुरुस्त करता येतो. बोललेल्यातला एक शब्दही बदलता येत नाही. निरोप सगळ्यांसाठी डिलीट केला, तर जागेवर तशी खूण उरते, आणि अशा दिवशी ती खूण संशयाला खतपाणीच घालते.

अर्थात हा मेसेज म्हणजे रीतसर नोटीस नव्हे. कामगार कपात किंवा पाळ्यांमधले बदल यांसाठी कायद्याने अनेकदा ठरावीक मुदतीची लेखी नोटीस लागते. ती एचआरने वेगळी काढायची असते.

व्हॉइस नोटची खरी गरज भासते ती वेगळ्याच ठिकाणी. अंबडसारख्या वसाहतीत बिहार-झारखंडहून आलेल्या एखाद्या ऑपरेटरला मराठी मजकूर वाचायला जड जातो. तो गावी गेलेला असला आणि त्याचा फोन लागत नसला, तर त्याला एकट्याला, ग्रुपवर नव्हे, हिंदीतून मिनिटाच्या आतला निरोप पाठवावा. त्याआधी एक ओळ टाकावी: ‘पाळीबद्दल महत्त्वाचं आहे, निवांत असाल तेव्हा ऐका.’ मग पहिल्याच वाक्यात बातमी, दुसऱ्यात नोकरी शाबूत असल्याचं, तिसऱ्यात भत्त्याचं. सोबत फलकावरच्या नोटिशीचा फोटो जोडावा, आणि ‘फोन लागला की मला कळवा, मीच करतो’ एवढं म्हणून थांबावं.